साडेआठचं उत्तर

माझ्या जिभेला हाड नाही, असं आई म्हणायची, आणि मी ते कौतुक समजून वाढले. मुळशी रस्त्यावरच्या एका मॅनेजमेंट कॉलेजात मी वीसहून जास्त वर्षं फायनान्स शिकवते. राहते भूगावला. वर्गात कागद नेत नाही, गणितं तोंडपाठ, आणि पोरांना चिमटे काढण्यात माझा हात कुणी धरणार नाही. पोरं हसतात, एखाद्याचा चेहरा पडतो, तास रंगतो. आपण लोकप्रिय आहोत असं मला वाटायचं. त्यातलं निम्मं तरी भीतीपोटी होतं, हे फार उशिरा कळलं.

भांडवल बाजार रेषा हा माझा सगळ्यात आवडता धडा. त्या दिवशी मी फळ्यावर दोरा लावायचे. फळ्याच्या डाव्या कडेला उभी रेघ, ती परताव्याची. खाली आडवी रेघ, ती जोखमीची, म्हणजे परतावा किती वरखाली हेलकावतो त्याची. उभ्या रेघेवर सहाच्या खुणेपाशी एक चुंबक, त्याखाली पांढऱ्या दोऱ्याचं टोक. सहा टक्के म्हणजे बिनजोखमीची ठेव. तिला हेलकावा नाही, म्हणून ती थेट उभ्या रेघेवर बसते.

मग मी उजवीकडे एक वक्र काढायचे, डावीकडे नाक आलेलं. शेअर, रोखे असे जोखमीचे प्रकार वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून जेवढ्या टोपल्या बनतात, त्या सगळ्या या वक्रावर किंवा त्याच्या पोटात. नाकाच्या टोकाशी असते ती सगळ्यात कमी हेलकाव्याची टोपली.

आता यातली कुठलीही एक टोपली घ्या. शंभरातले काही रुपये तिच्यात टाका, उरलेले ठेवीत. ठेव हलतच नाही, आणि टोपलीच्या हेलकाव्याशी तिचं काही नातंही नाही. म्हणून निम्मे पैसे टोपलीत असतील तर एकूण हेलकावा टोपलीच्या बरोबर निम्मा. पाव असतील तर पाव. परताव्याचंही तसंच, तो सहापासून निघून टोपलीच्या परताव्याकडे त्याच हिशेबानं चढतो. दोन्ही एकाच मापानं वाढतात, म्हणून ठेव आणि टोपली यांच्यातले सगळे मिलाफ एका सरळ रेघेत येतात. त्या रेघेचा चढ म्हणजे टोपलीचा परतावा वजा ठेवीचं व्याज, भागिले टोपलीचा हेलकावा. एवढंच. पुस्तकात यावर पानं खर्ची पडतात, मला एक दोरा पुरायचा.

मग मी एखाद्या मुलाला किंवा मुलीला बोलवायचे आणि दोरा ओढून धरायला सांगायचे. सहाचं टोक पक्कं, दुसरं हातात. दोरा नाकाखालून हळूहळू वर उचलायचा. वक्राला तो कापत असेल तर त्याच्या वर अजून टोपल्या शिल्लक आहेत, म्हणजे तेवढ्याच हेलकाव्यात जास्त परतावा मिळू शकतो, आणखी उचला. वक्र सोडून हवेत गेला तर तिथं टोपलीच नाही. एका जागी तो वक्राला नुसता टेकतो. ती स्पर्शबिंदूची टोपली. तिच्यापेक्षा जास्त चढ कुणालाच मिळत नाही, म्हणून शहाण्या माणसानं जोखमीचा पैसा तिच्यातच ठेवायचा. भित्र्यानं थोडा तिच्यात आणि बाकी ठेवीत, धीटानं सगळा तिच्यात, आणि अतिधीटानं ठेवीच्याच दरानं पैसे उसने मिळत असतील तर तेही तिच्यातच. सगळ्यांचे अंदाज सारखे असतील तर सगळ्यांकडे हीच एक टोपली असणार, आणि सगळ्यांच्या टोपल्या मिळून अख्खा बाजार होतो, म्हणून या रेषेला बाजाराचं नाव. माणसागणिक टोपली बदलत नाही, टोपली आणि ठेव यांचं प्रमाण बदलतं.

हे मी तोवर वीस वर्षं शिकवत आले होते. तरीही माझ्या हातून ते चुकलं.

त्या वर्षी दोरा धरायला मी एका मुलीला बोलावलं होतं. कासारसाईच्या धरणापलीकडच्या एका वाडीवरची, मेंढपाळाची मुलगी. वडील आजही कळप राखतात, आणि घरात पदवीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. वर्गात जपून पुस्तकी मराठी बोलायची, आणि रंगात आली की सगळं सांडून वाडीचं बोलू लागायची. हिंजवडीतली एक कंपनी कॉलेजात निवडीला येणार होती, गुंतवणुकीच्या हिशेबांचं काम, आणि त्यांची अट होती की माझ्या विषयात सत्तर गुण हवेत. तिला ती नोकरी हवी होती. हे तिनं मला स्टाफरूमच्या दारात उभं राहून सांगितलं होतं, मी न विचारताच.

परीक्षेत मी एक आठ गुणांचा प्रश्न घातला. शेअरचा फंड, परतावा चौदा, हेलकावा वीस. रोख्यांचा फंड, परतावा नऊ, हेलकावा दहा. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. ठेव सहा. पहिला उपप्रश्न, सगळ्यात कमी हेलकाव्याची टोपली काढा. त्यात शेअर वीस टक्के, रोखे ऐंशी, परतावा दहा, हेलकावा नवाला किंचित कमी. दुसरा, स्पर्शबिंदूची टोपली काढा. शेअर चाळीस, रोखे साठ, परतावा अकरा, हेलकावा बरोबर दहा. आकडे मीच असे सुबक येतील असे निवडले होते. तिसरा, एका माणसाला पाच टक्क्यांपेक्षा जास्त हेलकावा सोसवत नाही, त्याला काय सुचवाल? याला सहा गुण, पहिल्या दोघांना एकेक.

नमुना उत्तर मी दुसऱ्याच एका परीक्षेवर देखरेख करता करता लिहिलं. पाच टक्के म्हणजे भित्रा माणूस, असं मनात आलं, आणि भित्र्या माणसाला भित्री टोपली म्हणून हात आपोआप पहिल्या उपप्रश्नाकडे गेला. नाकाच्या टोकाची टोपली घेतली, तिच्यात छप्पन टक्के, ठेवीत चव्वेचाळीस, परतावा ८.२४. पुन्हा पाहिलं नाही. माझं उत्तर मी कधीच पुन्हा पाहत नसे.

त्या मुलीनं निम्मे पैसे स्पर्शबिंदूच्या टोपलीत आणि निम्मे ठेवीत टाकले होते. हेलकावा दहाच्या निम्मा पाच, परतावा साडेआठ. मी त्यावर लाल काट मारली आणि शून्य दिलं. तिला एकूण सहासष्ट पडले. साडेआठ लिहिणारे आणखी चौघं होते, पण त्यांचं सत्तरपाशी काही अडत नव्हतं. दोघं बरेच वर होते, दोघं बरेच खाली.

पेपर आणि नमुना उत्तराच्या झेरॉक्स वाटल्या त्या तासाला ती उभी राहिली. फळ्यावर सकाळच्या तुकडीचा वक्र तसाच होता, दोराही लोंबत होता.

"मॅडम, तिसऱ्यात माझं साडेआठ आलंय. तुमचं आठ पूर्णांक चोवीस. हेलकावा दोन्हीकडं पाचच. मग जास्त परतावा चूक कसा?"

प्रश्न सरळ होता. मला राग आला तो प्रश्नाचा नाही, वर्ग कान टवकारून बसला होता त्याचा. मी म्हटलं, "कारण तो माणूस भित्रा आहे. भित्र्याला तू चाळीस टक्के शेअर असलेली टोपली देणार?"

"पर निम्मीच देते ना, मॅडम," ती म्हणाली, आणि बोलता बोलता पुस्तकी मराठी सुटली. "आमच्यात बघा. वाडीत सगळ्यांच्या कळपात मेंढरं आन् शेरडं एकाच परमाणात असत्यात. दहा मेंढरांमागं चार शेरडं. गवत आटलं की मेंढरू हटतंय, शेरडू झाडपाला ओरबाडून जगतंय, म्हनून ते परमाण जुन्या लोकांनी बसवलंय. ज्याला भ्या वाटतंय तो परमाण न्हाई बदलत. तो कळप बारका ठेवतोय आन् बाकीचे दिस मजुरीला जातोय. जो धीट हाय, तो उसने पैसे काढून कळप वाढवतोय. पर कळप त्योच."

इतका स्वच्छ खुलासा या धड्याचा मी त्याआधी ऐकला नव्हता, त्यानंतरही नाही. त्या क्षणी मात्र मला एवढंच जाणवलं की तास माझ्या हातातून निघून चालला आहे.

"ये इकडे," मी म्हटलं. "दोरा धर. नाकाच्या टोकातून ओढ. दाखव सगळ्यांना, भित्र्याची रेघ कुठून जाते ते."

ती आली. दोरा ताणून तिनं नाकाच्या टोकावर धरला. मी मागच्या बाकांपाशी उभी होते, तिथून फळा पूर्ण दिसत होता. दोरा नाकातून आत शिरून वक्राच्या पोटात जात होता. त्याच्या वर वक्राचा मोठा तुकडा मोकळा पडला होता, आणि त्या तुकड्यावर सकाळीच मी लाल खडूनं केलेला स्पर्शबिंदूचा ठिपका होता.

ती दोऱ्याकडे बघत होती. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "मॅडम, वर अजून जागा हाय की."

मला कळलं. अंदाज नाही, शंका नाही, लख्ख कळलं. साठ पोरांसमोर "अगं, तुझंच बरोबर" एवढे तीन शब्द म्हणायचे होते. त्याऐवजी मी म्हटलं, "बाई, इथं एमबीए चालू आहे. मेंढरं वळायची असतील तर बाहेर डोंगर मोकळा आहे."

वर्ग हसला. मीच त्यांना तसं हसायला शिकवलं होतं. मी पुढे गेले, चुंबक काढलं, आणि दोरा तिच्या हातात गळून पडला. तिनं तो नीट गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवला आणि जागेवर जाऊन बसली. मी फळा पुसला.

गुण दुरुस्तीचा अर्ज शुक्रवारपर्यंत द्यायचा असतो. तो शिक्षकानं भरायचा. कोरा अर्ज माझ्या पर्समध्ये चार दिवस होता. मी स्वतःला काय काय सांगितलं ते आठवलं की आजही कान गरम होतात. म्हणाले, चार गुणांनी कुणाचं आयुष्य ठरत नाही. म्हणाले, आता बदललं तर बाकीच्यांचे पेपरही उघडावे लागतील. म्हणाले, एवढी हुशार आहे तर कुठंही लागेल. खरं कारण एकच होतं. वीस वर्षांत माझ्या नमुना उत्तरात चूक निघाली नव्हती, आणि ती मेंढपाळाच्या मुलीनं कळपाचा दाखला देऊन काढावी, हे मला सोसवत नव्हतं.

सोमवारी कंपनीची माणसं आली. निवडीला न बसणाऱ्या मुलांना पाहुण्यांची कामं वाटून देतात. ती कॉरिडॉरमध्ये पाण्याच्या बाटल्यांचा खोका घेऊन उभी होती. मला बघून म्हणाली, "गुड मॉर्निंग, मॅडम." मी मोबाईल कानाला लावला, कुणाचा फोन आलेला नसताना.

पुढच्या वर्षी तोच प्रश्न पुन्हा घातला आणि नमुना उत्तरात साडेआठ छापलं. कुणी विचारलं नाही. चूक दुरुस्त झाली असं मी धरून चालले. दोरा मात्र मी त्यानंतर फळ्याला लावला नाही. पट्टीनं रेघ मारते.

तीन वर्षं गेली. मग एक दिवस तिचा फोन आला. मारुंजीत तिनं स्वतःचं ऑफिस टाकलं होतं, फंड विकण्याचा परवाना काढून. "मॅडम, एकदा पायधूळ झाडा." नाही म्हणण्यासारखं एकही कारण सुचलं नाही. मनाशी ठरवलं की या वेळी सांगून टाकायचं. भूगावहून मारुंजीला जाताना मी माफीची तीन-चार वाक्यं घोटूनही ठेवली होती, सगळी एकाहून एक गुळगुळीत.

हार्डवेअरच्या दुकानावर जिना चढून एक खोली. खाली टेम्पोत पत्रे भरण्याचा खडखडाट. एक टेबल, दोन खुर्च्या, फायलींचं कपाट. ती पुढे येऊन वाकली, मी अर्ध्यावरच तिचे खांदे धरले. तिनं चहा मागवला आणि कौतुकानं सगळं दाखवू लागली. गिऱ्हाईकं कोण, तर सोसायट्यांचे वॉचमन, टेम्पोवाले, चाळी भाड्यानं देणारी गावातली माणसं. एकेकाला बसवून ती आधी विचारायची, वर्षाकाठी किती खाली गेलं तर झोप उडेल?

"आणि मग मिश्रण करते. धीटाला एक टोपली, भित्र्याला वेगळी टोपली," ती म्हणाली. "हे तुमच्याकडूनच शिकले, मॅडम."

मला आधी नीट कळलं नाही. मग तिनं टेबलावरची वही बाजूला सरकवली. टेबलाला काच होती आणि काचेखाली एक झेरॉक्स. अक्षर माझं होतं. नमुना उत्तर, तिसरा उपप्रश्न, ८.२४, आणि खाली माझी सही.

"मला तेव्हा वाटत होतं, माझंच बरोबर," ती हसून म्हणाली. "घरी जाऊन दोन-तीनदा मांडलं. परत साडेआठच येत हुतं. मग म्हटलं, मॅडम वीस वर्षं शिकवतायत. आपल्याला कळपाचं कळतंय, बाजाराचं काय कळणार? सोडून दिलं. पहिली फाईल वडलांची, आबांची केली. त्यांनी निम्मी मेंढरं विकली गुडघ्यांमुळं, ते पैसे. त्यांना तुमच्याच पद्धतीनं बसवलंय. भित्री टोपली."

मी घोटलेली वाक्यं वेगळ्याच चुकीची होती. आजवर मला वाटत होतं की मी तिचे सहा गुण खाल्ले, फार तर एक नोकरी. तिच्या हातातलं बरोबर उत्तर मी तिच्याच हातानं फेकून द्यायला लावलं होतं, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. आणि तिच्या वडिलांपासून खालच्या टेम्पोवाल्यापर्यंत जितकी भिणारी माणसं त्या खुर्चीत बसली होती, त्या सगळ्यांना माझ्या अहंकारापायी कमी चढाची रेघ मिळाली होती. बाजार वहीतल्या गणितासारखा सुबक वागत नाही, फरक कधी जास्त कधी कमी पडला असेल. पण पद्धत चुकीची होती आणि ती माझी होती.

"तुझं बरोबर होतं," मी म्हटलं. "साडेआठच. माझं उत्तर चुकलं होतं."

ती हसायची थांबली. तिनं कॅल्क्युलेटर ओढला, एका कोऱ्या कागदावर वक्र काढला, सहापाशी टिंब दिलं आणि पट्टी ठेवली. आधी नाकातून, मग स्पर्शबिंदूवर. दोन रेघांमधल्या फटीकडे बघत बसली. चहा आला, तो तसाच राहिला.

"म्हंजी टोपली सगळ्यांना एकच," ती अखेर म्हणाली. "आबांना बी. नुसतं परमाण कमी."

"हो."

"त्यांना मी हेच सांगितलं हुतं पहिल्यांदा. ते म्हणाले, व्हय, कळपागतच हाय. मीच न्हाई म्हटलं त्यांना. म्हटलं, मॅडमनी येगळं शिकवलंय."

मी मान खाली घातली. टेबलाच्या काचेत माझाच चेहरा माझ्या अक्षरावर पडलेला दिसत होता. माफ कर, असं मी म्हटलं, बहुतेक दोनदा. तिनं ते ऐकलं की नाही ते कळलं नाही.

मग तिनं विचारलं, "मॅडम, तुमाला कवा कळलं?"

यासाठी मी वाक्य तयार केलं नव्हतं. पुढच्या वर्षी पेपर काढताना, असं म्हणता आलं असतं. ते अर्धं खरंही वाटलं असतं, आणि तिनं त्यावर विश्वास ठेवला असता, कारण माझ्यावर विश्वास ठेवायची तिला सवयच होती.

"तू दोरा धरून उभी होतीस तेव्हा," मी म्हटलं.

"डोंगर मोकळा हाय म्हनलात, त्याच्या आदी का मागनं?"

"आधी."

तिनं मान हलवली, एखाद्या गिऱ्हाइकाचं बोलणं नोंदवून घ्यावं तशी. रडली नाही, चिडली नाही. त्यापेक्षा चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. उठून तिनं काच एका बाजूनं उचलली, झेरॉक्स ओढून काढली आणि माझ्यापुढे ठेवली. वर लाल पेन.

"दुरुस्त करून द्या. आबा विचारतील, टोपली का बदलली. बाकीची गिऱ्हाईकं बी विचारतील. त्यांना दाखवाय लागंल."

मी ८.२४ खोडलं. साडेआठ लिहिलं, निम्मं स्पर्शबिंदूच्या टोपलीत, निम्मं ठेवीत. अक्षर माझंच, पण वेडंवाकडं आलं. खाली सही केली आणि कागद परत सरकवला.

तिनं तो घेतला नाही.

"तारीख घाला, मॅडम. आजची न्हाई. त्या दिवसाची."

ती तारीख मला आठवावी लागली नाही.